तीन बिजागऱ्या आणि एक बोथट खिळा

(बिजागरी, अगदी जवळून)

कोकणातलं जुनं घर, माजघराचं सागवानी दार. पावसात फुगलंय, कडीच्या बाजूला चौकटीत अडकतंय. रंधा मारायचा तर दार उतरवायला हवं. स्क्रूच्या खाचा रंगाने कधीच बुजल्यात, तेव्हा वाट उरते ती बिजागरीतली पिन खालून खिळ्याने ठोकून काढायची.

आधी एक गोष्ट तपासायची. पिनेचं खालचं टोक ठोकून पसरवलेलं असेल, तर खिळ्याने ती हलणारच नाही. ते टोक कानशीने घासावं लागतं. इथे वर टोपी आहे, खाली नुसतं भोक. म्हणजे पिन वरूनच निघणार.

रात्री बिजागऱ्यांच्या नळ्यांमध्ये रॉकेल सोडून ठेवलं होतं. सकाळी सुतारकाकांनी टोपीभोवतीचा रंग चाकूने कापला आणि बंद दाराखाली, कडीच्या बाजूला, पाचर सरकवली. दाराचं वजन पिनेला एका अंगाने दाबून धरतं. ते पाचरीवर आलं की निम्मं काम तिथेच होतं.

(खिळ्याचं टोक)

हा चार इंची खिळा. काकांनी त्याचं टोक कापून सपाट केलंय. अणकुचीदार टोक पिनेवरून घसरतं, नाहीतर तिच्यात घुसून कड फुलवतं, आणि फुललेली पिन नळीतून वर सरकत नाही. खिळा पिनेपेक्षा जरासा बारीक हवा, पण फार बारीकही नको. पहिला तीन इंची घेतला होता, तो हा बघा, वाकून पडलाय.

सुरुवात खालच्या बिजागरीपासून. वरची आधी सोडली तर दार पुढे कलतं आणि खालचे स्क्रू लाकडासकट उपटतं. जमिनीपासून जेमतेम वीतभर जागा, हातोडी फिरायलाही नाही. काका मांडी घालून बसलेत.

(फक्त आवाज)

ठक. ठक. ठक. हलके, झटक्याचे घाव. जोर केला की टोक फुलतं. कान देऊन ऐका: इतका वेळ बद्द वाजत होतं, आता आवाज मोकळा झाला. टोपीखाली केसाएवढी फट दिसते. त्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून वर उचकायचं, मग पकडीने पिळत ओढायचं.

ग्राइंडर लावला असता तर दोन मिनिटांत काम उरकलं असतं, आणि एवढी जाड बिजागरी भंगारात गेली असती.

मधली सहज निघाली. वरच्या पिनेला हात लावण्याआधी काकांनी हाक मारली, "वहिनी, दार घट्ट धरा. सोडू नका हं!"

(दार दोघांच्या हातांवर)

दुपारी रंधा मारून दार परत बसलं.

(वर्तमानपत्रावर तीन पिना)

पॉलिश पेपरने घासलेल्या, ग्रीस लावलेल्या. मधली किंचित वाकडी आहे. तीही तशीच गेली, टोपी वर ठेवून.