दिवाळीचं कार्ड तिरकं करून बघा

(उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसमोर आणि तरुण डिझायनरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पडद्यावर जे दिवाळीचं कार्ड दिसतंय, त्याचीच आज आपण छाननी करणार आहोत. पाच बाय सात इंचांचं, मधे घडी असलेलं कार्ड आहे. मुखपृष्ठावर गडद मरून रंग, त्यावर सोनेरी रांगोळी, रांगोळीच्या मध्यभागी एक भरीव पणती आणि खाली ‘शुभ दीपावली’. आत क्रीम रंगावर चार ओळींचा मजकूर आणि पाठवणाऱ्या कुटुंबाचं नाव, तेही सोनेरी. हे सगळं सोनेरी काम फॉइल मारून करायचं आहे. उठावदारपणा, बारीक काम आणि फिनिशिंगच्या मर्यादा, असे तीन भाग मी करायचे ठरवलेत. पहिल्या भागात मी रेंगाळणार, हे आयोजकांना माहीत आहे. त्यांनी घड्याळ माझ्यासमोरच ठेवलंय.

सुरुवात पडद्यावरच्या सोन्यापासून करू. हे सोनं कसं केलंय? पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत जाणारा एक ग्रेडियंट, मधे पांढऱ्या उजेडाची तिरीप. दिसायला सुंदर आहे, पण छापखान्यात यातलं काहीही येत नाही. फॉइल म्हणजे एक पातळ पॉलिस्टरची फिल्म. तिच्या खालच्या बाजूला सुटा होणारा थर, मग पिवळसर लॅकर, मग ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर आणि शेवटी उष्णतेने चिकटणारा थर. तापलेला धातूचा ब्लॉक फिल्मच्या पाठीवर दाबला की जिथे दाब पडला तिथले थर कागदावर बसतात आणि फिल्म सुटून येते. यात सोनं नावालाही नसतं. पिवळ्या काचेमागे आरसा ठेवावा तसला प्रकार आहे हा. आणि आरशाला स्वतःचा उजेड नसतो. समोर जे असेल ते तो दाखवतो.

माझं सगळं म्हणणं इथून निघतं. छापलेला मरून रंग कुठूनही पाहिला तरी साधारण मरूनच दिसतो. फॉइल मात्र कार्ड हातात थोडं फिरवलं की बदलते. ट्यूबलाइट तिच्यात दिसली की ती जवळजवळ पांढरी होते. तुमचा काळा शर्ट किंवा खोलीचा अंधारा कोपरा तिच्यात दिसला की ती गडद तपकिरी होते. म्हणजे फॉइलचा उठाव एकच एक नसतो, तो उलटसुलट होतो. क्रीम कागदावर ती उजळली की अक्षरं कागदात विरघळतात. मरूनवर ती काळवंडली की रांगोळी पार्श्वभूमीत बुडते. पडद्यावर आपण फक्त मधली, सोयीची अवस्था बघत असतो.

इथे मला जरा मनातलं बोलू द्या, कारण हे दर दिवाळीच्या हंगामात माझ्यासमोर घडतं. एका संस्थेचं कार्ड फॉइल मारायला आमच्याकडे आलं. डिझाइन मोबाइलवर समितीतल्या सगळ्यांना गेलेलं होतं आणि सगळ्यांनी अंगठे दाखवून मंजूर केलेलं होतं. आतल्या बाजूला क्रीम कागदावर शुभेच्छांचा मजकूर, खाली अध्यक्षांचं नाव, सगळं सोनेरी. मी म्हटलं, नाव तरी शाईत घ्या. उत्तर आलं, “अहो, मोबाइलवर तर किती छान उठून दिसतंय!” मोबाइलवर दिसणारच, कारण तिथे तो तपकिरी-पिवळा रंग आहे, स्थिर आहे आणि त्याच्या मागून उजेड येतोय. मी एका वाया गेलेल्या कागदावर जुन्या ब्लॉकने फॉइल मारून पाठवली. ती कुणी उघडूनही पाहिली नाही, कारण मंजुरी ‘झालेली’ होती. कार्डं तयार झाली, वाटली गेली. स्नेहसंमेलनात एका आजींनी कार्ड हातात घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं, खिडकीकडे वळवलं आणि नातवाला म्हणाल्या, “वाच रे, कुणी पाठवलंय ते.” कार्ड उत्तम कागदाचं, फॉइल निर्दोष बसलेली, आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचायला नातू लागला! मला याचा राग येतो, आजही येतो. छपाईतली चूक दुरुस्त करता येते. मंजुरीतल्या चुकीपुढे कारागीर हात बांधून उभा असतो. (प्रेक्षकांतून: “पैसे मिळाले का?”) मिळाले, पूर्ण मिळाले. पण आजी वाचू शकल्या नाहीत ना!

म्हणून माझी पद्धत ऐका. ग्रेडियंट काढून टाका. फॉइलचा थर वेगळा ठेवा आणि त्याला एकदा जवळजवळ पांढरा रंग द्या, एकदा गडद तपकिरी. दोन्ही वेळा कार्ड वाचून बघा. आपलं मरून मुखपृष्ठ पांढऱ्या फॉइलने झळाळतं आणि तपकिरीने बुडतं. ते चालेल, कारण रांगोळी क्षणभर बुडाली तरी कुणाचं काही अडत नाही. उलट हात हलला की ती उजळते, यातच फॉइलची मजा आहे. फक्त पार्श्वभूमी मॅट ठेवा. चकचकीत लॅमिनेशन केलंत तर मरूनही चमकणार, फॉइलही चमकणार, आणि दोघांतला फरक निम्मा होणार. आतलं पान मात्र पांढऱ्या फॉइलच्या परीक्षेत सपशेल नापास होतं. तिथला मजकूर आणि नाव गडद मरून शाईत घ्या. सोनं हवंच असेल तर वर एक छोटी नक्षी पुरे.

आता बारीक काम. ही रांगोळी कलाकाराने ए-फोर आकारात, म्हणजे 210 मिलिमीटर रुंदीवर काढली होती. कार्ड 127 मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे चित्र साधारण साठ टक्क्यांवर आलं. मूळची एक पॉइंटची रेघ 0.35 मिलिमीटर होती, ती 0.21 झाली. दोन रेघांमधलं 0.5 मिलिमीटरचं अंतर 0.3 वर आलं. गुळगुळीत कागदावर रेघ 0.3 मिलिमीटरच्या खाली आणि मोकळी जागा 0.4 च्या खाली जाऊ नये, असं मी धरतो. खरबरीत हातकागद असेल तर दोन्ही वाढवावं लागतं. मोकळ्या जागेला जास्त का, तर दाब आणि उष्णता यांमुळे फॉइल ब्लॉकच्या कडेबाहेर किंचित पसरते. रेघ जाड होते आणि जागा बुजते. जिथे पाकळ्यांची टोकं मध्यभागी पणतीभोवती एकत्र येतात, तिथे बारा रेघांचा मिळून एक सोनेरी डाग होईल. उपाय सोपा आहे: टोकं पणतीपर्यंत नेऊ नका, अलीकडेच थांबवा, आणि रेघा कमी करून जाड करा. सरसकट जाड करू नका, नाहीतर मोकळ्या जागा आणखी आवळतील.

देवनागरीत हे जास्त जाणवतं. आतल्या मजकुरात ‘हार्दिक’ हा शब्द आहे. कलाकाराने तो नऊ पॉइंटात, बारीक वजनाच्या फॉन्टमध्ये घेतलाय. त्यातला ‘र्दि’ मोठा करून बघा: शिरोरेषेच्या वर वेलांटीची कमान आणि लगेच तिला खेटून रफार. दोघांमधली फट केसाएवढी. फॉइलमध्ये ती भरली की वर नुसता एक गोळा राहतो. ‘कुटुंबीयांस’मध्ये दोन अनुस्वार आहेत, हे ठिपके इतके लहान की फॉइल कधी उचललीच जात नाही, तर कधी फिल्मवर चिकटून परत येते. म्हणून फॉइलमध्ये देवनागरी चौदा पॉइंटांच्या खाली मी घेत नाही, आणि फॉन्ट मध्यम वजनाचा, एकसारख्या जाडीचा. ‘शुभ दीपावली’ मोठं आहे, त्याची काळजी नाही; फक्त ‘भ’ची गाठ उघडी ठेवा.

पणतीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पणती भरीव आहे आणि तिच्याभोवती नाजूक रेघा, सगळं एकाच ब्लॉकमध्ये. भरीव भाग नीट बसायला जास्त दाब आणि जास्त उष्णता लागते. मधे हवा अडकली तर फोड येतात. तो दाब दिला की शेजारच्या रेघा बुजतात. रेघांना सांभाळून दाब कमी केला की पणतीत टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. मशिनवाला दिवसभर ब्लॉकखाली कागदाचे तुकडे लावून मधला मार्ग शोधत बसतो आणि बोलणी त्यालाच बसतात. एक तर दोन ब्लॉक करून दोनदा मारा, खर्च वाढेल. नाहीतर पणतीतच नक्षीच्या रेघा सोडून तिचा भरीवपणा मोडा. मी दुसरं करीन.

पाचच मिनिटं राहिलीत म्हणतायत. तर फिनिशिंग पटापट.

शाईची छपाई आणि फॉइल या वेगळ्या फेऱ्या आहेत, त्यामुळे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणार असं धरा. छापलेल्या चित्राला फॉइलची बारीक किनार देऊ नका. एका बाजूला फट दिसेलच. फॉइल एक तर सुटी ठेवा, नाहीतर शाईवर भरपूर चढवा. मरून रंग चार शाया दाट चढवून आणलाय. अशा ओल्या, मेणचट थरावर फॉइल धरत नाही. पूर्ण वाळू द्या, मग मॅट लॅमिनेशन, मग फॉइल. आणि लॅमिनेशनवर चालणारी फॉइल आहे ना, हे मशिनवाल्याला आधी विचारा. घडीवरून फॉइल नेऊ नका, तडकते. रांगोळीचं एक टोक मागच्या पानावर गेलंय, ते कापा. घडीपासून आणि कटिंगपासून तीन मिलिमीटर आत राहा. ब्लॉकचा दाब कागदाच्या मागे उमटतो, तेव्हा मुखपृष्ठावरच्या पणतीच्या बरोबर मागे आत मजकूर ठेवू नका. फाइलमध्ये फॉइलचा एकच सपाट स्पॉट रंग, शंभर टक्के, व्हेक्टरमध्ये; छटा आणि सावल्या नकोत, कारण ब्लॉकला एक तर दाबणं कळतं, नाहीतर न दाबणं.

पहिली काही कार्डं हातात आली की रांगोळीच्या मध्यावर भिंग लावा. मग चिकटपट्टी लावून सावकाश ओढा. पट्टीवर सोनं आलं तर मशिन तिथेच थांबवा आणि आधी उष्णता बघा, मग दाब, मग शाई वाळली आहे का ते. बाहेर टेबलावर याच कार्डाचे दोन नमुने ठेवलेत, एक मूळचा आणि एक दुरुस्त केलेला. जाताना दोन्ही खिडकीजवळ नेऊन फिरवून बघा. भिंगही तिथेच आहे.