‘तुम्ही मला ऐकू शकता का?’

(जळगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी अनुवादाची कामं करतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीनं मला त्यांच्या फोनवाल्या मुलींसाठी तयार केलेला कागद तपासायला दिला होता. रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना फोन करायचे आणि कागदावर लिहिलं असेल तसंच बोलायचं, असं त्यांचं काम. पहिल्या चार ओळी सांगतो. ‘नमस्कार, ही प्रिया आहे. हे कोण आहे? तुम्ही मला ऐकू शकता का? मी तुम्हाला थोड्या वेळात मागे फोन करेन.’

मी त्या मुलींशेजारी बसून काही फोन ऐकले. तिसऱ्या ओळीवर एक आजोबा म्हणाले, “ऐकू शकतो म्हणजे? बहिरा वाटलो का तुला?” मुलगी गोंधळली, कारण कागदावर याचं उत्तर नव्हतं.

आजोबांचं काही चुकलं नव्हतं. ‘शकणे’ आलं की प्रश्न माणसाच्या कुवतीचा होतो. तुम्ही पोहू शकता का, पन्नास किलोची गोणी उचलू शकता का, त्याच रांगेतलं हे ‘ऐकू शकता का’. फोनवर आपल्याला त्याच्या कानांची परीक्षा घ्यायची नसते, आवाज तिकडे पोचला की नाही एवढंच हवं असतं. त्यासाठी मराठीत ‘ऐकू येणे’ आहे. ते आपण करत नाही, ते आपल्याकडे येतं. भूक लागते, थंडी वाजते, आठवण येते, तसं ऐकू येतं. म्हणून ‘तुम्ही’ नाही, ‘तुम्हाला’. ‘तुम्हाला ऐकू येतंय का?’ आणि उत्तरही तयार असतं: ‘येतंय, बोला.’ ‘हो, शकतो’ असं उत्तर देणारा माणूस मला अजून भेटायचाय.

त्या वाक्यात आणखी एक खडा आहे, ‘मला’. मराठीत आपण माणसाला ऐकत नाही, माणसाचं ऐकतो. ‘मला तुमचं ऐकू येतंय, तुम्हाला माझं येतंय का?’ इथे ‘तुमचं’पुढचं ‘बोलणं’ आपण गिळून टाकलंय, आणि ते गिळलं म्हणूनच वाक्य मराठी झालं. ‘तू मला ऐकू येत नाहीस’ यातला प्रत्येक शब्द मराठी आहे, पण अख्खं वाक्य परकं.

आपल्याकडे ‘ऐकू येतंय’ आणि ‘आवाज येतोय’ यांतही फरक करतात. ‘आवाज येतोय, पण कळत नाही’ म्हणजे लाइन चालू आहे, शब्द लागत नाहीत. ‘आवाज तुटतोय’ म्हणजे मधले मधले शब्द गळतायत. तेव्हा ओरडून उपयोग नाही, गच्चीवर जा. ‘आवाज घुमतोय’ म्हणजे आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकू येतंय. कागद लिहिणाऱ्यानं या सगळ्यांवर एकच वाक्य दिलं होतं: ‘नेटवर्कमध्ये समस्या आहे.’ ते ऐकून समोरच्यानं करायचं काय?

यातलं काहीही न बोलता काम भागवणारा शब्द म्हणजे ‘हॅलो’. तो मुळात आवाज पोचवण्यासाठीच निवडला गेला. एडिसननं 1877 साली एका पत्रात सुचवलं होतं की वेगळी घंटा लागणार नाही, कारण ‘हॅलो’ दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतो. 2022 साली राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं. सुरुवातीला ते म्हणता येतं. पण संभाषणाच्या मध्येच लाइन गप्प झाली की पारोळ्यापासून शहाद्यापर्यंत सगळे ‘हॅलो? हॅलो?’च करतात. तिथे तो नमस्कार नसतो, ‘ऐकू येतंय का’चा धाकटा भाऊ असतो.

आता ‘हे कोण आहे?’. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून विचारायचा हा प्रश्न. फोनवर ना बोट दिसतं ना फोटो. तिथे फक्त बोलणं असतं, म्हणून आपण विचारतो, ‘कोण बोलतंय?’ हे नपुंसकलिंग मला फार आवडतं. पलीकडे बाप्या आहे की बाई, माहीत नसतं, तेव्हा मराठी ‘बोलतोय’ही म्हणत नाही आणि ‘बोलतेय’ही नाही. ओळख पटली की लगेच लिंग येतं: ‘अच्छा, शोभा बोलतेय होय!’ अहिराणीला ही अडचणच नाही. ‘कोन बोलस?’ हे बाईलाही चालतं, माणसालाही. मोठ्या माणसाचा आवाज वाटला तर ‘आपण कोण बोलताय?’ नुसतं ‘कोण?’ म्हटलं तर मात्र दार अर्धवट उघडून विचारल्यासारखं वाटतं.

उत्तरही त्याच क्रियापदानं द्यायचं. ‘ही प्रिया आहे’ नाही, ‘मी प्रिया बोलतेय’. आणि आपल्या भागात नावानं भागत नाही, गाव लागतं. ‘मी प्रिया बोलतेय, जळगावहून.’ त्याशिवाय समोरचा आप्पा पुढचं ऐकत नाही. डोक्यात तो ‘कुठली प्रिया?’ शोधत बसतो.

सगळ्यात अवघड चौथी ओळ. ‘मागे फोन करेन’ हे तर कुणीच म्हणत नाही. आपण ‘परत फोन करतो’ म्हणतो. पण ‘परत’चे दोन अर्थ आहेत: पुन्हा, आणि उलट. तुम्ही मला फोन केला आणि मी ‘परत करतो’ म्हणालो, तर मी उलट करणार. मी तुम्हाला केला आणि मीच ‘परत करतो’ म्हणालो, तर मी पुन्हा करणार. इथवर ठीक. खरा घोळ लाइन मध्येच तुटते तेव्हा होतो. दोघंही एकदमच लावतात, दोघांनाही बिझी लागतं. यावर मराठीत एका अक्षराचा उपाय आहे, ‘च’. ‘मीच करते, तुम्ही नका करू.’ कागदावर मी ही सूचना लाल शाईनं लिहिली होती.

आणि ‘करेन’ का नको? ‘करेन’मध्ये सवड दिसते. करेन कधीतरी, जमलं तर. ‘करते’ हे रूप वर्तमानकाळाचं, पण त्यात शब्द दिलेला असतो: ‘दहा मिनिटांत करते.’ शेतकरी ‘करेन’ ऐकून फोन खिशात टाकतो, ‘करते’ ऐकून वाट बघतो. वेळ सांगायची नसेल तर ‘करते’ म्हणूच नये, असं मी त्या मुलींना सांगितलं.

‘करते’ आणि ‘लावते’ हेही एक नाही. लावणं आपल्या हातात, लागणं नशिबात. ‘दोनदा लावला, लागला नाही’ हे चार शब्दांत संपणारं गाऱ्हाणं दुसऱ्या भाषेत उतरवताना मी अर्धा तास घालवलाय.

शेवटी तो कागद असा झाला: ‘नमस्कार आप्पा, मी प्रिया बोलतेय, जळगावहून. आवाज येतोय ना? आपण कोण बोलताय? … बरं, आत्ता पाणी देताय तर राहू द्या. मीच करते संध्याकाळी सहाला.’

एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलंय, फोन संपवताना काय म्हणायचं? तिथे तर आपण परवानगीच मागतो: ‘ठेवू का मग?’ पलीकडून ‘ठेवा’ आलं तरी कुणी लगेच ठेवत नाही. ‘बरं’ येतं, मग ‘बरं बरं’ येतं, आणि तेवढ्यात भुसावळच्या मावशींना खरा निरोप आठवतो.