दोनशे पोत्यांची एक लॉट

(दृश्य: हिंगोली जिल्हा, वसमत परिसर. सकाळ. उंच पत्र्याचं शेड. हळदीची थप्पी. एक हात पोत्याची शिवण उसवतो आहे.)

हे हळकुंड बघा. दोन्ही हातांनी धरलं आणि मोडलं. कट्ट असा आवाज आला आणि आतून एकसारखा नारिंगी पिवळा रंग दिसला. आवाज न येता हळकुंड नुसतं वाकलं असतं, तर ते पुरतं वाळलेलं नाही हे इथला कुणीही सांगेल. पण हा आवाज कोचीत बसलेल्या खरेदीदाराला ऐकू जात नाही. त्याच्यासमोर असतात चार-पाच ओळी. त्या वाचून त्याला शंभर क्विंटल हळदीचा निर्णय घ्यायचा असतो.

ही लॉट दोनशे पोत्यांची आहे. शेतकऱ्यांच्या एका गटाने मिळून जमवलेली. आज तिची नोंद लिहायची आहे, आणि लिहिणाऱ्यांच्या मनात गेल्या हंगामातली एक गोष्ट अजून ताजी आहे.

(दृश्य: जुनी वही. एका ओळीवर बोट.)

गेल्या वर्षी नोंदीत लिहिलं होतं, "हळद, उत्तम प्रत, ओलावा १० टक्क्यांच्या आत." शंभर क्विंटल माल जुलैच्या पावसात ट्रकने केरळला गेला. तिथल्या प्रयोगशाळेत ओलावा १३ टक्के निघाला आणि खरेदीदाराने सरसकट ५ टक्के वजन कापलं.

गटाचे हिशेबनीस सांगतात, "आमचं चुकलं नव्हतं असं मी म्हणत नाही. पण चूक शेडमध्ये झाली की वाटेत, हेच आम्हाला कुणाला दाखवता येईना. आमच्याकडे त्या मालाचं एक हळकुंडही शिल्लक नव्हतं."

कपात किती व्हायला हवी होती, ते काढता येतं. १३ टक्के ओलाव्याच्या १०० क्विंटल मालात ८७ क्विंटल कोरडी हळद असते. तीच १० टक्के ओलाव्यावर आणली तर वजन भरतं ८७ भागिले ०.९०, म्हणजे ९६.६७ क्विंटल. पाण्यापोटी सव्वातीन क्विंटलच्या थोडी वर वजावट रास्त होती. गेले पाच क्विंटल. पावणेदोन क्विंटलच्या आसपास हळद फुकट गेली, कारण कपात कशी मोजायची हे नोंदीत कुठेच नव्हतं.

(दृश्य: खळं. वाळत घातलेली हळद. फावडं फिरतं आहे.)

ओलाव्याची ओळ एवढी अवघड का? हळद काढली, शिजवली, की पुढे दहा-पंधरा दिवस उन्हात वाळते. थर जाड झाला की वरचं हळकुंड खडखडीत आणि तळचं मऊ राहतं. म्हणून एकाच शेतकऱ्याच्या दोन पोत्यांत फरक पडतो. इथे तर माल अनेकांचा आहे.

दुसरी अडचण मापाची. धान्यासाठी बनवलेला खिशातला मीटर हळदीत खुपसला तर तो आकडा दाखवतो, पण तो धान्याच्या हिशेबाने. ओव्हनमध्ये तापवून वजनातली घट मोजली, तर हळदीतलं सुगंधी तेलही पाण्याबरोबर उडतं आणि तेही ओलाव्यात धरलं जातं. म्हणून मसाल्यांसाठी प्रयोगशाळा टोल्युइन पद्धत वापरतात. नमुना टोल्युइनमध्ये उकळतात, वाफ थंड करतात आणि नळीत वेगळं साठलेलं पाणी थेट मोजतात. दोन पक्षांनी दोन पद्धतींनी मोजलं, तर दोघेही प्रामाणिक असून भांडण होतं.

यंदाची ओळ अशी लिहिली गेली:

"ओलावा कमाल १० टक्के, गाडी भरण्याच्या दिवशी, टोल्युइन पद्धतीने. १० ते १२ टक्क्यांमध्ये कोरड्या वजनाच्या हिशेबाने वजावट. १२ च्या वर खरेदीदार माल नाकारू शकतो."

१२ हा आकडा त्यांनी मनाने घातलेला नाही. अख्ख्या हळदीसाठी अन्नसुरक्षा नियमांतली कमाल मर्यादाच ती आहे.

(दृश्य: चाळणीवर हळकुंडं, गड्डे आणि कणी वेगळी होताना.)

"उत्तम प्रत" हे शब्द यंदा खोडले. त्याऐवजी लिहिलं: सेलम जात, हळकुंड, एकदा पॉलिश केलेलं, गड्डा आणि तुकडे मिळून ५ टक्क्यांपर्यंत. जो खरेदीदार हळद दळणार आहे त्याला तुकड्यांचं फारसं वाटत नाही. जो अख्खं हळकुंड पॅक करून विकणार आहे त्याला प्रत्येक तुकडा खुपतो. प्रत कशाची, हे सांगितलं तर दोघेही आपापला भाव देतात. पॉलिशचा उल्लेख हवाच, कारण घासून चकचकीत केलेल्या सालीखाली जुना माल सहज लपतो.

आणि जुन्या मालाचा प्रश्न येतो वर्षापाशी. मे-जूनमध्ये लावलेली हळद पुढच्या वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये निघते. एका पिकाला दोन वर्षं चिकटतात. नुसतं एक वर्ष लिहिलं तर विकणारा काढणीचं समजतो, घेणारा लागवडीचं. म्हणून इथे लिहिलं: "लागवड जून २०२४, काढणी फेब्रुवारी २०२५." जुना माल ओळखायचा तर पोत्याचा तळ बघा. बारीक पिवळी भुकटी साठलेली आणि हळकुंडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असली, तर आत किडा आहे.

पॅकिंगची ओळ छोटी आहे: नवं ज्यूटचं पोतं, निव्वळ ५० किलो, बारदानाचं वजन वेगळं. आतून प्लास्टिकचं अस्तर घालायचं का, यावर बराच वेळ बोलणं झालं. पावसात ते बाहेरचा दमटपणा अडवतं. पण हळद ओलसर असेल तर तोच ओलावा आत कोंडतं आणि बुरशी धरते. ठरलं असं, की आधी प्रयोगशाळेचा आकडा येऊ दे, मग अस्तर.

(दृश्य: पोत्यात खुपसलेली पोकळ टोकदार नळी. ताडपत्रीवर नमुन्याचा ढीग.)

आता नमुना. दोनशे पोत्यांचं वर्गमूळ चौदाच्या जरा वर येतं, म्हणून पंधरा पोती निवडली. समोरची नाहीत. थप्पीच्या वरची, मधली, खालची. प्रत्येकातून वरून, मधून आणि तळातून हळद काढली. ढीग मिसळला, त्याचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, पुन्हा मिसळले. शेवटी अर्ध्या अर्ध्या किलोच्या तीन जाड प्लास्टिकच्या पिशव्या भरल्या, हवा काढली, तोंड सीलबंद केलं. कापडी पिशवीत नमुना पाठवला तर वाटेतच त्याचा ओलावा बदलतो.

एक पिशवी खरेदीदाराला. एक दलालाकडे, वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी. एक इथेच. नोंदीत शेवटची ओळ पडली: "नमुना अर्धा किलो, मोफत, कुरिअर खर्च खरेदीदाराचा. राखीव नमुना माल पोचल्यापासून ४५ दिवस सांभाळला जाईल. तक्रार ७ दिवसांत."

(दृश्य: पिशवीवर लॉट क्रमांक आणि तारीख लिहिणारा हात.)

हिशेबनीस तिसऱ्या पिशवीवर सही करतात, दोन शेतकऱ्यांच्या सह्या घेतात आणि ती लोखंडी कपाटात ठेवतात. कपाटाला कुलूप लागतं. बाहेर हमालांनी पहिलं पोतं काट्यावर ठेवलं आहे.