चष्म्याची काच नेमकं काय करते?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, माझं आयुष्य लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलण्यात गेलं. "आता बरं दिसतंय का? आणि आता?" हे मी दिवसभर विचारत असतो. त्या काचेत होतं तरी काय, हे आज एका मुलीच्या उदाहरणातून सांगतो.

सहावीतली मुलगी होती. आई तिला घेऊन आली आणि म्हणाली, "सर, ही फळ्यावरचं चुकीचं उतरवते. लक्षच नसतं हिचं." मी मुलीच्या हातात वर्तमानपत्र दिलं, एक डोळा झाकायला सांगितला आणि म्हटलं, "आता कागद हळूहळू लांब ने, आणि अक्षरं फिसकटायला लागली की थांब." ती थांबली. डोळ्यापासून कागदापर्यंत मी टेप धरली, तर अंतर भरलं 50 सेंटिमीटर. तिचं स्पष्ट जग तिथे संपत होतं. त्यापलीकडचा फळा, झाड, बसवरची पाटी, सगळं धूसर. या शेवटच्या जागेला दूरबिंदू म्हणतात. तुम्हा-आम्हाला निरोगी डोळ्याने चंद्रही रेखीव दिसतो, म्हणजे आपला दूरबिंदू अनंत अंतरावर असतो. तिचा हाताच्या अंतरावर होता.

आता 100 ला त्या सेंटिमीटरने भागा. 100 भागिले 50, उत्तर 2. तिचा नंबर मायनस दोन. तुमच्यापैकी ज्यांचा मायनस नंबर आहे आणि सिलिंडरचा नंबर फारसा नाही, त्यांनी घरी चष्मा काढून हे करून बघा. कार्डावरच्या आकड्याच्या अगदी जवळचं उत्तर येईल.

हे असं का होतं? डोळ्याची मागून-पुढे लांबी साधारण 24 मिलिमीटर असते. आत येणारा प्रकाश आधी पारपटलावर वाकतो, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक काचेसारख्या पडद्यावर, आणि मग आतल्या भिंगात. एकूण वाकण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश काम पारपटलच करतं. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं पुसट दिसतं ते याचमुळे. पाणी आणि पारपटल प्रकाशाला जवळजवळ सारखेच वाटतात, त्यामुळे तिथे प्रकाश वाकायचाच थांबतो. तर वाकलेले किरण मागच्या दृष्टिपटलावर एका बिंदूत यायला हवेत. त्या मुलीचा डोळा जरा लांब वाढला होता. किती? एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. म्हणजे तिच्या डोळ्याची वाढ एक मिलिमीटरसुद्धा जास्त नव्हती. तांदळाच्या दाण्याच्या जाडीहूनही कमी. पण तेवढ्याने लांबून येणारे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात, आणि पडद्यावर पोहोचेपर्यंत पुन्हा पसरून ठिपक्याचा डाग होतो. यालाच निकटदृष्टिता म्हणतात.

मग काच काय करते? त्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा: काचेतून जाताना प्रकाश काचेच्या जाड बाजूकडे झुकतो. काचेत प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा कमी होतो, आणि काचेत तिरका शिरताना वा बाहेर पडताना वेग बदलला की दिशाही बदलते. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. मोठ्या मायनस नंबरचा चष्मा बाजूने बघा, फ्रेमबाहेर आलेली जाड कड दिसेल. म्हणून या काचेतून जाणारे किरण कडांकडे झुकतात, म्हणजेच फाकतात. आणि ते फाकतात ते अगदी मोजून. मायनस दोनच्या काचेतून दूरच्या झाडाचा प्रकाश गेला, की काचेपुढे 50 सेंटिमीटरवरच्या बिंदूतून निघाल्यासारखा पसरत बाहेर पडतो. आणि 50 सेंटिमीटरवरचं तर त्या मुलीला स्वच्छ दिसतच होतं.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. काच डोळ्याला हात लावत नाही. डोळा जेवढा लांब होता तेवढाच राहतो. काच फक्त दूरच्या झाडाची प्रतिमा त्या मुलीच्या दूरबिंदूवर आणून ठेवते आणि डोळा ती प्रतिमा बघतो. "चष्मा लावून दोन वर्षं झाली, नंबर गेला का नाही?" असं पालक विचारतात, त्यांना मी हेच सांगतो. आणि वाढत्या वयात नंबर वाढतो तो डोळा लांब होत राहतो म्हणून, चष्म्यामुळे नव्हे.

प्लसची काच याच्या उलट. ती मध्ये जाड, म्हणून किरण मध्याकडे झुकतात, गोळा होतात. ही बघा माझ्या हातात प्लस दोनची काच. खिडकीसमोरच्या भिंतीपासून 50 सेंटिमीटरवर धरतो. दिसली खिडकी भिंतीवर, उलटी? हे मायनसच्या काचेने कितीही प्रयत्न केला तरी जमणार नाही, कारण तिने फाकवलेले किरण भिंतीवर कुठेच एकत्र येत नाहीत. घरातला चष्मा कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायची याहूनही सोपी युक्ती आहे. चष्मा हातभर लांब धरा, त्यातून दाराची चौकट बघा आणि चष्मा जरा डावी-उजवीकडे हलवा. चौकट चष्म्याबरोबरच सरकली तर मायनस, उलट दिशेने पळाली तर प्लस. मग मायनसच्या काचेला तेवढ्याच नंबरची प्लसची काच चिकटवून धरली की चौकट जागच्या जागी थांबते. दुकानात यंत्र नसलं तर जुन्या चष्म्याचा नंबर आम्ही असाच काढतो.

ही प्लसची काच लागते दूरदृष्टितेला. इथे डोळा थोडा आखूड असतो, किरण एकत्र यायच्या आधीच दृष्टिपटल लागतं. पण दूरदृष्टिता लपते, आणि मला तिची काळजी जास्त वाटते. कारण डोळ्यातलं भिंग स्वतःला फुगवून प्रकाश जास्त वाकवू शकतं. ही समायोजनाची ताकद दहाव्या वर्षी चौदा नंबरांच्या आसपास असते. प्लस तीनचा मुलगा त्यातले तीन नंबर लांबचं बघायलाच खर्च करतो आणि 33 सेंटिमीटरवर पुस्तक धरलं की आणखी तीन. तक्त्यावरची शेवटची ओळ तो घडाघडा वाचतो. सगळे म्हणतात, नजर उत्तम आहे. पण त्याचा डोळा सकाळपासून रात्रीपर्यंत एक क्षणही विसावत नाही. संध्याकाळी अभ्यासाला बसलं की कपाळ दुखतं, अक्षरं सरकतात, पुस्तक नकोसं होतं. काही मुलांचा डोळा आत, नाकाकडे वळतो, कारण भिंग फुगवण्याची आणि डोळे आत वळवण्याची आज्ञा मेंदू जोडीनेच देतो. असा मुलगा आला की मी त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवतो. ते थेंब घालून भिंग फुगवणारा स्नायू तात्पुरता सैल करतात, आणि मग लपलेला प्लस नंबर बाहेर येतो. चष्म्याची काच इथे भिंगाचं काम आधीच उरकून ठेवते: प्रकाश थोडा गोळा करूनच डोळ्याकडे पाठवते.

आता परत त्या मुलीकडे. भिंगाची हीच ताकद मायनसच्या तपासणीत फसवते. मायनस दोन लावल्यावर ती शेवटची ओळ वाचू लागली. मी आणखी पाव घातला. ती म्हणाली, "काका, आता अक्षरं अजून काळी दिसतात." आई लगेच म्हणाली, "मग तोच द्या ना सर." पण अक्षरं काळी आणि बारीक दिसणं म्हणजे जास्त स्पष्ट दिसणं नव्हे. जादा मायनसने किरण गरजेपेक्षा जास्त फाकतात, प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे जाते आणि मुलांचं तल्लख भिंग फुगून ती ओढून परत पडद्यावर आणतं. म्हणजे चांगल्या डोळ्याला आपणच दूरदृष्टितेचं ओझं लावून दिलं.

हे ओळखायला लाल-हिरवा तक्ता असतो: अर्धा भाग लाल, अर्धा हिरवा, दोन्हींवर काळी अक्षरं. डोळ्यात हिरवा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा किंचित जास्त वाकतो, म्हणून जरा अलीकडे एकत्र येतो, आणि लाल जरा पलीकडे. नंबर बरोबर असला की दृष्टिपटल दोघांच्या मधोमध असतं आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मायनस कमी पडला तर लाल बाजू ठळक, जास्त झाला तर हिरवी. मी आधी मुद्दाम प्लसची काच घालून तिला धूसर दिसू दिलं, म्हणजे भिंग फुगवून काही फायदा नाही हे डोळ्याला कळतं आणि तो सैल पडतो. मग पाव-पाव करत उतरलो. पावणेदोनला लाल, सव्वादोनला हिरवी, दोनला सारखी. तिला दोनच दिला. काही ठिकाणी घाईत ही पायरी गाळतात, आणि मुलं डोकेदुखी घेऊन परत येतात. "नवा चष्मा लावला की अक्षरं काळी दिसतात, पण तासाभराने डोळे दुखतात," असं मूल म्हणालं, तर नंबर पुन्हा तपासून घ्या.

आणखी एक खूण सांगतो. मोठ्या मायनस नंबरचं मूल बोटाने चष्मा सारखा डोळ्याजवळ दाबत असेल, तर बघा. मायनसची काच डोळ्याच्या जवळ गेली की तिचा परिणाम किंचित वाढतो. म्हणजे नंबर वाढलाय, आणि मूल आपल्या परीने भर घालतंय.

राहिली चाळिशी. ती दूरदृष्टिता नव्हे, जरी काच दोन्हींना प्लसचीच लागते. चाळिशीत डोळ्याची लांबी ठीक असते, भिंग मात्र ताठर होत जातं. चौदा नंबरांची ताकद चाळिशीपर्यंत पाच-सहावर येते, साठीला जेमतेम एक उरतो. पेपर 40 सेंटिमीटरवर धरायला अडीच नंबर लागतात. त्यातलं जेवढं भिंगाला जमत नाही तेवढं प्लसची काच भरून काढते.

आणि सभेत मागे बसलेल्या आजोबांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: "मी 68 वर्षांचा, मला चाळिशी लागलीच नाही, पेपर चष्मा काढून वाचतो." आजोबा, तुमचा लांबचा नंबर बहुतेक मायनस अडीचच्या आसपास असणार. म्हणजे तुमचा दूरबिंदूच 40 सेंटिमीटरवर आहे, आणि पेपर नेमका तिथेच धरता. भिंगाला काही करावंच लागत नाही. तुमचं भिंगही आमच्याइतकंच ताठर झालेलं आहे. बघायचं असेल तर लांबचा चष्मा डोळ्यांवर ठेवूनच सुईत दोरा ओवून पाहा.