स्टॉक एकच, आकडे चार

[दृश्य: वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेट, सकाळची शिफ्ट, बसमधून उतरणारे कामगार]

गोव्यात वेर्ण्याला औषधाच्या गोळ्या बनवणारी एखादी फॅक्टरी घ्या. आत चार सॉफ्टवेअरं चालतात, आणि बाहेरच्याला विचाराल तर म्हणेल सगळं एकच, ‘सिस्टीम’. पण एकाच ऑर्डरच्या मागे चालत गेलात ना, की कोणाचं काम कुठं संपतं आणि कुठं दोघंतिघं एकमेकांच्या पायावर पाय देतात ते दिसतं.

ऑर्डर येते सीआरएममध्ये. गिऱ्हाईक कोण, भाव काय सांगितला, तारीख कुठली कबूल केली, हे सगळं तिथं. समजा २० लाख गोळ्या हव्यात, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम औषध. सेल्सवाला तारीख द्यायच्या आधी स्टॉक बघतो, पण तो आकडा सीआरएमचा नसतोच, ईआरपीकडून येतो. ईआरपी म्हणजे पैसे, खरेदी, स्टॉक आणि हिशेब. ते फॉर्म्युला उघडतं. एक बॅच ५ लाख गोळ्यांची, म्हणजे २५० किलो औषध, चार बॅचना १००० किलो. स्टोअरमध्ये दिसतात १०४० किलो. झालं की मग! सेल्सवाला तारीख देऊन मोकळा.

[दृश्य: स्टोअर, ड्रमवर ‘क्वारंटाइन’चं लेबल]

आता लेबल बघा. १०४० पैकी ३०० किलो परवाच आलेत, क्यूसीने, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्यांनी, पास केलेले नाहीत. ईआरपीत ‘आहे’ आणि ‘वापरता येईल’ असे दोन वेगळे रकाने असतात, पण सीआरएमला जोडताना कोणीतरी पहिला रकाना जोडला, म्हणून सेल्सवाल्याला सगळाच माल दिसला. हातात खरे ७४० किलो.

हे ३०० किलो उशिरा का आले, ते सप्लाय चेनवाल्यांचं खातं. सप्लायर कधी देणार, ट्रक पावसात घाटात अडकला तर काय, पुढच्या महिन्याची मागणी किती, हे एससीएम बघतं. त्याचाही स्वतःचा स्टॉकचा आकडा असतो, त्यात वाटेतला मालही धरलेला. चूक नाही त्यात, त्याला तोच हवा असतो.

[दृश्य: डिस्पेन्सिंग बूथ, काट्यावर ड्रम, बाजूला स्क्रीन]

आणि हे एमईएस, शॉपफ्लोअरवरचं. मला विचाराल तर खरी गंमत इथंच आहे. ऑपरेटर ड्रमचा बारकोड स्कॅन करतो, चुकीचा ड्रम आला की स्क्रीन पुढे जाऊच देत नाही, आणि काट्यावरचं वजन थेट बॅच रेकॉर्डमध्ये जातं. आता हातातल्या ७४० किलोंच्या लॉटची शुद्धता क्यूसीने काढली ९८ टक्के. मग २५० किलो शुद्ध औषध मिळायला मोजायचे २५५.१ किलो, आणि गोळीचं वजन बदलू नये म्हणून भरणीची पावडर तेवढीच ५.१ किलो कमी घ्यायची. एमईएस हे करतं. ईआरपीला मात्र याचा पत्ताच नाही, कारण तिथं सेटिंग असं की बॅच पूर्ण झाली की फॉर्म्युल्याप्रमाणे २५० वजा. याला बॅकफ्लश म्हणतात, स्क्रू-बोल्टच्या धंद्यात ठीक चालतं.

दोन बॅचनंतर ईआरपी म्हणतं २४० किलो शिल्लक, मोजायला गेलात तर २२९.८. पावडर मात्र कागदापेक्षा जास्त. स्टोअरवाला महिन्याच्या शेवटी मोजणी करतो तेव्हा हा फरक सापडतो, आणि बहुतेक ठिकाणी तो हाताने ॲडजस्ट होतो आणि पुढच्या महिन्यात परत येतो. दर बॅचला त्याच दिशेने फरक पडत असेल तर चोरी किंवा सांडलवंड शोधत बसण्याआधी बॅकफ्लशचं सेटिंग बघा.

[दृश्य: बंद कोटिंग मशीन, ‘क्लीनिंग’ची पाटी]

वेळेचंही तसंच. ईआरपीत बॅचला ठराविक दिवस लिहिलेले असतात, मशीन रिकामंच आहे असं धरून. एससीएमचं प्लॅनिंग क्षमता मोजतं, पण दिवसाच्या हिशेबाने. कोटिंग मशीन धुतलंय पण ते नीट साफ झालं का सांगणारा स्वॅबचा रिपोर्ट यायचाय, हे आत्ताचं फक्त एमईएसला कळतं. म्हणून तिघांचीही तीन वेळापत्रकं, आणि चौथं प्लॅनरच्या एक्सेलमध्ये, ज्यावर सगळ्यांचा खरा विश्वास!

आयएसए-९५ नावाचं स्टँडर्ड आहे, ते ईआरपी वरच्या पातळीवर ठेवतं आणि एमईएस त्याच्या खालच्या, आणि दोघांमध्ये कुठली माहिती जावी ते सांगतं. पण लॉटची शुद्धता कोण भरणार हे फॅक्टरीनेच ठरवायचं असतं. आपल्या केसमध्ये औषधासाठी बॅकफ्लश बंद करायचा, मोजलेलं वजन लॉट नंबरसकट एमईएसनेच ईआरपीला पाठवायचं, आणि सीआरएमला दुसरा रकाना जोडायचा. सेल्सवाल्याने गिऱ्हाइकाला आता दोन बॅचची तारीख द्यावी, बाकीच्या दोन नवा लॉट पास झाल्यावर, कारण तिसऱ्या बॅचलाही २५५.१ किलो लागतात आणि हातात उरतात २२९.८.