थेंबाला हात-पाय नसतात

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घरातली पाणीबचत चित्रांतून, पायरीपायरीने’. मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा सत्कारात गेली. हरकत नाही, नारळ चांगला निघेलसं दिसतंय.

लातूरकरांना पाणी वाचवायला शिकवायला मी उभा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हाच्या सवयी घराघरात टिकून आहेत, पण त्या घरातल्या बाईच्या डोक्यात. ती चार दिवस माहेरी गेली की फेसाचं पाणी थेट मोरीत. हसू नका, मीही त्यातलाच.

तर आमच्या हिची धुण्याची रीत सांगतो. साबण लावून झाला की कपडे दोन टबांतून काढायचे. पहिल्या टबातल्या पाण्याला फेस असतो, ते संडासात ओतायला. दुसऱ्यातलं जवळजवळ स्वच्छ असतं, ते टिपाडात, फरशी पुसायला. आणि टिपाड त्याच दिवशी रिकामं करायचं, दुसऱ्या दिवशी वास मारतो. रीत एवढीच. मी तीस वर्षं चित्रकला शिकवली, म्हटलं तासाभरात काढून जिन्यात लावतो.

काय काढलं? मधोमध हसरा थेंब. त्याला हात, पाय, बूट. भोवती गोल फिरणारे बाण: नळ, टब, टिपाड, फरशी आणि पुन्हा नळ, कारण गोल पुरा झाल्याशिवाय आम्हा चित्रकारांना झोप येत नाही. वर एक नळ, त्यावर लाल फुली.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. म्हणाल्या, “सर, बाकी सगळं कळलं. फरशीचं पाणी परत नळात कसं घालायचं तेवढं सांगा.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. बाण नळाकडे जात होता, त्यांनी बाणच वाचला होता. सकाळी वॉचमननं प्लंबर बोलावला. फुली मारलेला नळ म्हणजे नादुरुस्त नळ, त्याचं काय चुकलं? प्लंबरच्या येण्याजाण्याचे दोनशे रुपये मी दिले.

थेंबावर माझा राग तेव्हापासूनचा. पाणीपट्टीच्या बिलावर थेंब, टँकरवर थेंब, बाटलीवर थेंब. थेंब ‘पाणी’ एवढंच सांगतो. कुठलं पाणी, कशातलं, कुणी उचलायचं, यातलं काही नाही. आपल्या हातात कधी थेंब येतो का? आपल्या हातात टब येतो, बादली येते. चित्र हातात येणाऱ्या वस्तूचं हवं. फेसाचं पाणी दाखवायचं तर टबावर चार बुडबुडे, बिनफेसाचं तर सपाट रेघ. रंगानं फरक करू नका. सोसायटीत पोस्टर पोचतं ते काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सचं, त्यात निळा आणि हिरवा दोन्ही करडे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय आता पळत पळत सांगतो.

आधी कागद घेऊन बसू नका. धुणं चालू असताना बाजूला उभं राहून फक्त क्रियापदं लिहा: काढते, ओतते, उचलते, पुसते. एका क्रियेला एक चौकट. आमची सहा झाली. चौकटी गोल नाही, डावीकडून उजवीकडे सरळ, वर आकडे, आणि शेवट जिथे पाणी संपतं तिथे. टब एकदा जसा काढला तसाच शेवटपर्यंत.

किती पाणी ते दाखवताना मी बादली दुप्पट उंच काढली होती. पण उंचीबरोबर रुंदीही वाढते, त्यामुळे डोळ्याला ती चौपट दिसते. व्हिएन्नात १९२० च्या दशकात, आकडेवारी चित्रांतून समजावणाऱ्या ऑटो नॉयरात यांच्या मंडळींनी याला साधा नियम केला होता: जास्त दाखवायचं तर चिन्ह मोठं करू नका, तेवढंच चिन्ह पुन्हा काढा. दोन बादल्या म्हणजे दोन चित्रं.

शब्द? सगळे काढून टाकले, एक परत घ्यावा लागला. ‘त्याच दिवशी वापरा’ यासाठी मी सूर्य-चंद्र काढले, तर लोकांनी ‘रात्रंदिवस ओता’ असं वाचलं. घड्याळ काढलं, तर विचारलं, तीन वाजताच का? शेवटी टिपाडावर ‘आजच’ लिहिलं.

तपासताना ‘कळलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘यात काय करायला सांगितलंय?’ विचारा आणि गप्प बसा. रीत माहीत नसलेल्या पाचजणांना दाखवा. आमच्या वेळी दोघांनी टिपाडातलं पाणी तुळशीला घातलं, कारण फरशीची चौकट रिकामी दिसत होती. मग तिथे पोछा धरलेला हात काढला.

आणि हो, पूर्ण पट्टी जिन्यात लावू नका. कापा. टबाच्या चौकटी मोरीवर, टिपाडाची टिपाडावर. लॅमिनेशन करून, नाहीतर आठवड्यात लगदा होतो. झेरॉक्स दाराशी टेबलावर ठेवल्यात. मघाशी कुणीतरी त्यांवर चहाचा कप ठेवला, तो आधी उचला.