बापूरावांची तक्रारवही

नमस्कार श्रोतेहो. दुपारचा चहा झाला असेल तर बसा, नसेल झाला तर आधण ठेवा, तेवढ्यात मी सुरुवात करतो.

मला विषय दिलाय तो म्हातारपणी जोडीदार गेल्यानंतरच्या दुःखाचा. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. म्हणून मी एक गोष्टच सांगणार आहे. गोष्टीतली नावं माझी आहेत, माणसं मात्र तुमच्या गल्लीत सापडतील.

आपल्या त्रिमूर्तीनगरात एक बापूराव राहतात असं समजा. वय ७२. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. घरी मुलगा, सून मधुरा आणि तिसरीतला नातू. बायको शकुंतलाबाई जानेवारीत गेल्या, संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं त्या आठवड्यात. बापूराव रडले नाहीत. तेरवीच्या दिवशी पंगतीत कोणाला काय हवं-नको ते स्वतः बघत होते. पाहुणे म्हणाले, धीराचा माणूस आहे. मोबाईलवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला तो वेगळाच. त्या चित्रांबद्दल माझं एक मत आहे: ते पाठवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळात माणूस फोन करू शकतो. पण कोण करतो? असो.

मार्चपासून बापूराव बिघडले. म्हणजे चिडायला लागले. चहात आलं जास्त, चिडले. पेपर दुसऱ्या खोलीत, चिडले. भाजीवाला दारात हाका मारतोय आणि कोणी उठत नाही, चिडले. पोरगं घाबरून आजोबांच्या खोलीत जाईना. मुलाने शहाणपणा केला, आधी त्यांना डॉक्टरकडे नेलं. साखर, रक्तदाब, थायरॉइड, रक्तातलं सोडियम, सगळं तपासून घेतलं. कानही तपासले, कारण ऐकू कमी येणारा माणूसही फार चिडतो, त्याला वाटतं लोक मुद्दाम हळू बोलतात. सगळं ठीक निघालं. बापूरावांना त्याचाही राग आला. म्हणाले, "मी सांगून राहिलो होतो न, मला काही झालं नाही. घरच बिघडलं आहे."

आणि घर बिघडलं आहे हे सिद्ध करायला त्यांनी वही घातली.

आता हे ऐका, माझा आवडता भाग आहे. आयुष्यभर साइटवर मोजमाप पुस्तिका भरलेला माणूस. किती घनमीटर खोदकाम, कोणत्या दिवशी, कोणाच्या देखरेखीत, सगळं शाईने. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून सही करायची. त्याच शिस्तीत त्यांनी दोनशे पानी वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, काय झालं. दिवाळीत लेकासमोर ठेवायची, असा बेत.

"११ एप्रिल, ४:१०. कूलरमध्ये पाणी नाही. पंप कोरडा फिरत होता."

"१९ एप्रिल, ४:२५. चहा उशिरा. विचारलं नाही, सरळ आणून ठेवला."

"९ मे, ४:०५. पुन्हा कूलर."

कूलर आला म्हणून सांगतो. ही मधाच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची जाळी आजकाल लावतात न, तिला थंडावा असेल, वास नाही. वाळ्याची ताटी लावून पहिलं पाणी सोडल्यावर खोलीभर जो वास सुटतो, त्यासाठी नागपूरचा उन्हाळा सोसायची माझी तयारी आहे. नवतपासुद्धा. तर बापूरावांकडेही वाळ्याच्या ताट्या. त्या ताट्यांना दुपारी चारला पाइप लावून पाणी घालावं लागायचं, नाहीतर ४५ अंशांत कूलर गरम वारा फेकतो.

जूनमध्ये मोठा भडका उडाला. पावसाची पहिली सर आली, ओल लागली, आणि फडताळातल्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत बुरशी दिसली. मधुराने लोणचं टाकलं, बरणी घासून उन्हात पालथी घातली. कोणीही हेच केलं असतं. बापूरावांनी ती बरणी पाहिली आणि त्यांचा आवाज चौकापर्यंत गेला. दादरा कुठे आहे, दादरा! बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं. जुन्या हिरव्या साडीचा तुकडा होता, कडेला पिवळं हळदीचं बोट लागलेलं. तो धुण्याच्या बादलीत निघाला. त्यांनी तो पिळून आपल्या खोलीत दोरीवर टाकला आणि वहीत लिहिलं, "बरणी रिकामी केली. विचारलं नाही." त्या दिवशी मधुरा पहिल्यांदा रडली.

मग राखी आली. अमरावतीहून धाकटी बहीण आली. बापूरावांना हक्काचा श्रोता मिळाला. जेवणं झाल्यावर त्यांनी वही काढली, चष्मा लावला आणि एप्रिलपासून वाचायला घेतलं. कूलर. चहा. भाजीवाला. बाल्कनीतली तुळस वाळली. दुधाच्या पातेल्यावर जाळी नाही. संध्याकाळी दिवा उशिरा. बहीण सुपारी कातरत ऐकत होती. चार-पाच पानं झाली, मग ती म्हणाली, "दादा, यातलं एकही काम सुनेचं नव्हतं."

"म्हणजे?"

"हे सगळं वहिनी करत होती."

बापूराव चिडले, अर्थातच. "तुला काय समजते? घरात तीन माणसं आहेत, कोणाचं तरी काम आहेच न!" आणि वही घेऊन खोलीत गेले. बहीण दुसऱ्या दिवशी गेली. पण श्रोतेहो, हिशेबातला माणूस. एकदा चूक दाखवली की झोप लागत नाही. त्यांनी पट्टी घेतली आणि वहीत चौथा रकाना आखला. वर लिहिलं, "पूर्वी हे कोण करीत असे."

आणि भरत गेले. कूलर: श. चहा: श. भाजी: श. तुळस: श. लोणचं: श. एकाखाली एक. फक्त एका नोंदीत वेगळं आलं: सीताबर्डीवर रिक्षावाल्याने दहा रुपये परत दिले नाहीत. तो राग त्यांना आठवेचना. त्याच दिवशी संध्याकाळी विरून गेला होता. बाकीचे मात्र एप्रिलपासून जसेच्या तसे गरम. मग त्यांनी वेळेच्या रकान्यावरून बोट फिरवलं. चार दहा, चार पंचवीस, चार पाच. चार ते साडेपाचच्या बाहेर जेमतेम काही नोंदी. त्या वेळी ते झोपून उठत, आणि उठल्या उठल्या त्यांना पाइपातून टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येई. मग प्रश्न येई, "चहा ठेवू का?" चव्वेचाळीस वर्षं. आता उठल्यावर आवाज नाही, आणि त्या शांततेवर त्यांचा राग चढायचा. समोर जो दिसेल त्याच्या नावावर.

एवढं कळलं म्हणून माणूस लगेच सुधारला असं समजू नका. पुढच्या आठवड्यातही चिडले.

मग पोळा झाला, दुसऱ्या दिवशी नातवाला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला महाल भागात घेऊन गेले. पिवळी मारबत निघाली, लोक ओरडत होते, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा, खड्डे घेऊन जा! मला विचाराल तर सगळ्या शहरांनी वर्षातून एक दिवस असा ठेवावा. तर पोरगं आजोबांच्या खांद्यावर, तेही ओरडलं, "आजोबांचा राग घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूचे हसले. बापूरावही हसले. पण घरी येईपर्यंत गप्पच होते.

त्या दिवशी चारला ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर मधुरासमोर वही ठेवली. म्हणाले, "वाचून घे. तुझ्या विरोधात लिहिलं होतं." ती वाचत होती आणि ते चहाचा डबा शोधत होते, कारण तो कुठे असतो हे त्यांना माहीत नव्हतं. तिने चौथा रकाना पाहिला. मग ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "कोणी काम चुकवलं म्हणून रागावलं की वाटते, काम करणारी आहे अजून. आज विसरली, उद्या करेल. ती आता करणारच नाही म्हटल्यावर कोणावर रागावू मी?"

मधुरा थोडा वेळ काही बोलली नाही. मग बोट ठेवून म्हणाली, "बाबा, ९ मेला कूलर मी भरला होता. तुम्ही घोरत होते."

बापूरावांनी पेन काढला, त्या नोंदीवर एक रेघ मारली आणि सही केली. मग दोघं शकुंतलाबाईंबद्दल बोलत बसले, तेरवीनंतर पहिल्यांदा.

या गोष्टीने माझा वेळ खाल्ला, तो दर वेळी खातेच. आता थोडक्यात सांगतो. दुःख रडूनच बाहेर येतं असं नाही. दुःख रागाच्या रूपातही येतं, आणि ज्यांना लहानपणापासून रडू नको म्हणून सांगितलं त्या पुरुषांत तर बरेचदा. ओळखायचं कसं? राग कशावर येतो हे बघू नका, कधी येतो आणि कोणाच्या जागेवर येतो हे बघा. पुन्हा सांगतो: कधी येतो, आणि कोणाच्या जागेवर येतो. साधा राग विरतो, रिक्षावाल्यावरचा विरला तसा. हा विरत नाही, ठरल्या वेळी परत येतो.

आणि ते दुःखाचे पाच टप्पे, नकार, राग वगैरे, त्या क्रमाने तुमचं माणूस चालत नाही म्हणून काळजी करू नका. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे उरलेल्यांवर आपण ते नंतर चिकटवले. बापूराव कळल्यावरही चिडले, त्यात वावगं काही नाही.

मात्र दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. चिडचिड अचानक आली असेल, सोबत विसरणं, तोल जाणं, रात्री भ्रम होणं असेल, तर ते दुःख म्हणून सोडून देऊ नका, आधी डॉक्टर. आणि सहा महिने उलटूनही ओढ तितकीच तीव्र असेल, रोजचं जगणं अडलं असेल, जेवण सुटलं असेल, जगून काय करायचं असं बोलणं येत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, फुकट, मराठीतही बोलतात. परत सांगतो, लिहून घ्या: एक, चार, चार, एक, सहा. घरच्या म्हाताऱ्याने स्वतः फोन करायची वाट बघू नका, घरातल्या कोणीही केला तरी चालतो.

नमस्कार.